एक कोट, सहा पिक्चर

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अकोला जिल्ह्यातील बाळापूर या ऐतिहासिक नगरीत, किल्ल्यापासून पायी सात मिनिटांवर असलेल्या एका शिलाई दुकानात, कापूस वेचण्याचा कोट नावाची वस्तू तयार झाली असून तिच्यावर एकाच वेळी सहा चित्रपट काढण्याचे ठरले आहे. चित्रपटांची लांबी प्रत्येकी चाळीस सेकंद. मध्यंतर नाही. लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रकार, आवाज आणि नंतर जे घडलं त्यातला मुख्य आरोपी, या सर्व भूमिकांत अस्मादिक.

ही जाहिरात करायची माझी जुनी खोड आहे. वीस वर्षं मी ऑटोवर भोंगा बांधून अकोला आणि आसपासच्या तालुक्यांत फिरलो. साड्यांचा सेल, सर्कस, दातांचं शिबिर, हरवलेली म्हैस, काहीही असो, माझा आवाज तयार. पुढे लोकांच्या हातात मोबाईल आले आणि भोंग्याचा घसा बसला. मग मीही एक बऱ्यापैकी मोबाईल घेतला, एक तिपाई घेतली आणि दुकानदारांना छोटे व्हिडिओ करून द्यायला लागलो. गावोगाव मला अजूनही ‘साऊंडवाले’च म्हणतात.

कोट शिवला होता आपाने. आपा म्हणजे दुकानाची मालकीण. अख्खं बाळापूर तिला आपाच म्हणतं, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे लोकही. चार मशिनी, चार बाया, आणि दरवर्षी ठरलेलं शाळेच्या गणवेशांचं काम. त्या वर्षी आपाने गणवेशांना नाही म्हटलं आणि उन्हाळ्यापासून मांजरपाटाचे कोट शिवले. पूर्ण बाह्या, म्हणजे वाळलेल्या बोंडांची टोकं हाताला ओरबाडत नाहीत. पोटाशी मोठी पिशवी, तिचं वजन दोन्ही खांद्यांवर येतं. खालून बंद सोडला की कापूस भसकन गाठोड्यात. आमच्याकडे बाया कमरेला लुगड्याची झोळी बांधून वेचतात, संध्याकाळी कंबर आणि मान दोन्ही हिशेब मागायला येतात. त्यामुळे कोट खरोखर चांगला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे बिघडलं त्यात कोटाचा एकही टाका चुकलेला नव्हता.

वेचणीचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि संक्रांतीपर्यंत उरकतो. तेवढ्यात कोट गेले तर गेले, नाहीतर चारही मशिनींवर चादर. आपाने मला बोलावलं तेव्हा दुकानात छतापर्यंत कोटांचे गठ्ठे लागलेले आणि ती त्यांच्यामध्ये कापडाच्या किल्ल्यातल्या बेगमसारखी बसलेली.

“भाऊ, एक व्हिडिओ बना दो. बस, एक,” ती म्हणाली.

“एक?” मी छातीवर हात ठेवला. “आपा, एका व्हिडिओत सगळ्यांना सांगायला गेलो तर कोणालाच ऐकू जात नाही. आपण सहा काढू.”

“कोट एक आणि पिक्चर सहा? येडे झाले का तुमी?”

मी गणवेशांच्या कटिंगचा खाकी कागद मागितला, खडू घेतला आणि सहा चौकोन आखले. ही माझी आवडती घटका. प्रत्येक चौकोनात वर लिहायचं, बघणारा कोण. खाली, त्याचं दुखतं कुठे. त्याखाली पहिल्या तीन सेकंदांचं वाक्य, कारण तेवढ्यात अंगठा थांबला नाही तर पुढचे सदतीस सेकंद कुत्रं बघत नाही. मग एक पुरावा, डोळ्यांना दिसेल असा. आणि शेवटी बघणाऱ्याने काय करायचं ते एकच सांगायचं, दोन नाही.

पहिला चौकोन वेचणाऱ्या बायांचा. कंबर दुखत नाही, दोन्ही हात मोकळे, दिवसाला किलो वाढतात. वेचाई, म्हणजे वेचण्याची मजुरी, किलोवर मिळते, म्हणून किलो हाच पुरावा. दुसरा शेतमालकाचा. त्याला बाईच्या कमरेशी घेणंदेणं नाही, त्याला साफ कापूस पाहिजे, पत्ती-काडी नसलेला, म्हणजे बाजारात भाव पडत नाही. तिसरा कृषी केंद्राच्या दुकानदाराचा: औषधासारखी तारीख संपत नाही, दारात टांगला की आपोआप विकतो. चौथा जिनिंगवाल्याचा, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्याचा. बाया प्लास्टिकच्या पोत्यात कापूस भरतात, त्याचे धागे रुईत जातात आणि जिनिंगवाला कपाळाला हात लावतो. आमचा कोट सुती, एकही धागा प्लास्टिकचा नाही.

“हे तं झाले चार,” आपा बोटांवर मोजत म्हणाली. तिला आता मजा यायला लागली होती.

“पाचवा अमरावती-नागपूरच्या संस्थांचा. दान देणाऱ्यांचा.”

“उनको क्या बोलोगे?”

“हात दाखवायचे. ओरबाडलेले.”

मी लगेच सहावा चौकोन भरला: पुण्यात नोकरी करणारी वऱ्हाडातली पोरं. आई गावाला अजून झोळी बांधून वेचते, तू तिला काय पाठवलंस? शेवटी नंबर.

“या अल्ला,” आपा म्हणाली, “तुमी तं लोकायच्या आईलेई सोडत नाई.”

हे मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

सहा व्हिडिओ म्हणजे सहा दिवसांचं काम नव्हे. इथे धंद्याची गोम आहे. शूटिंग व्हिडिओप्रमाणे करायचं नसतं, जागेप्रमाणे करायचं असतं. शेतातलं सगळं सकाळी एकदम, दुकानातलं दुपारी, जिनिंगच्या आवारातलं उन्हं कलण्याआधी. कापूस गाठोड्यात पडतो ते एकच दृश्य तीन व्हिडिओंत चालतं, फक्त त्यावरचं वाक्य बदलायचं. मोबाईल उभा धरायचा, आणि प्रत्येक वाक्य अक्षरांतही टाकायचं, कारण अर्धे लोक एसटीत आवाज बंद करून बघतात.

शेत बाळापूरपासून थोडं आत होतं. मालक ओळखीचा, पस्तिशीतला, शर्टाच्या खिशात दोन मोबाईल. वेचणारी टोळी आठ बायांची, आणि तिची मुकादमीण साठीला टेकलेली मावशी. टोळी जमवायची, गावाचा वेचाईचा भाव मालकाशी ठरवायचा, संध्याकाळी काट्यावर डोळा ठेवायचा, हे तिचं काम. ताणकाट्याची सुई अर्धा किलो इकडेतिकडे झाली की मालकाच्या आधी तिला कळायचं.

मावशीने कोट घातला, बाह्या ओढून पाहिल्या, आणि टोळीकडे वळून म्हणाली, “पाहा वं, मी डॉक्टरीन दिसतो का नाई?”

“कंपाउंडर दिसता,” एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

“हसा, हसा. आता सुई टोचतो एकेकीले.”

त्या दिवशी मी रंगात होतो. मावशीकडून सगळं करून घेतलं. झोळी बांधून कंबरेवर हात ठेवायला लावला. कोट घालून सरळ चालायला लावलं. दुपार व्हायच्या आधी दोन्ही गाठोडी काट्यावर टांगली आणि कोटाचं गाठोडं खरोखर जास्त भरलं. मावशीने सुई बघितली, पुन्हा बघितली. “हाव बाप्पा, खरंच भरलं,” ती म्हणाली, आणि तो चेहरा मी पहिल्या व्हिडिओसाठी टिपला. मग पाचव्यासाठी तिला बाह्या वर करायला सांगितलं आणि तिच्या हातांच्या इतका जवळ गेलो की ओरखडे चिरलेल्या जमिनीसारखे दिसले. ती वर्षं तशीच होती. बोंडअळीने आधीचा हंगाम खाल्ला होता, आणि आमच्या भागात बाहेरचे कॅमेरे यायचे ते कोणी रडतंय का बघायला. मी त्यांची नक्कल करून लोकांना हसवायचो. आणि आता मावशीला मीच म्हणत होतो, “मावशी, जरा खाली पाहा. हसू नका.”

“कावून? हातायले हसू येते का?” तिने विचारलं. पण खाली बघितलं.

घरी बसून जोडणी करताना दुसऱ्या व्हिडिओला, मालकांच्या, पहिलं वाक्य सापडेना. ‘साफ कापूस पाहिजे?’ हे फारच गुळमुळीत होतं. भोंग्याच्या दिवसांत मला टाळ्या कशाला पडायच्या? टोमण्याला. मग मी माझ्या त्या प्रसिद्ध आवाजात बोललो: ‘मालक, बाई कापूस वेचते का पाला? वजन वाढवायला पत्ती, आणि भाव तुमचा पडतो!’ आणि खाली चित्र मावशीच्या झोळीचं, ज्यात खरोखर चारदोन पानं होती. सकाळचं दव सुकल्यावर पान कुरकुरीत होऊन बोंडाला चिकटतं, घाईत निघतं. त्यात लबाडी नसते. हे मला माहीत होतं. पण वाक्य चांगलं होतं.

सहाही व्हिडिओ त्यांच्या त्यांच्या ठिकाणी गेले. पहिला महिला बचत गटांच्या ग्रुपवर, दुसरा शेतकऱ्यांच्या, तिसरा कृषी केंद्रवाल्यांच्या, असे. पहिले चार दिवस आपाचा फोन खाली राहिला नाही. अकोल्याच्या तीन कृषी केंद्रांनी दारात कोट टांगले. परतवाड्याकडून एकाने जीपमध्ये गठ्ठा मागवला. पुण्याहून एका पोराने आईसाठी कोट मागवला आणि पत्त्यासोबत लिहिलं, तिला मी पाठवला म्हणून सांगू नका, ओरडेल. आपाने मला शिरखुर्मा पाठवला, ईद नसताना.

आता चूक ऐका. शहरातल्या जाहिरातवाल्यांना ती करता आली नसती, कारण त्यांना आमची गावं माहीत नसतात. मला माहीत होती, म्हणून ती माझीच.

गावात मोबाईल माणसाचा नसतो, घराचा असतो. बचत गटाच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या फोनवर येतो. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर ज्याचं नाव असतं, त्याचीच बायको सोमवारी स्वतःच्या तीन एकरांत वेचते आणि मंगळवारी दुसऱ्याच्या शेतात मजुरीने. मालकीण आणि मजूर एकाच लुगड्यात. मी खाकी कागदावर सहा चौकोन आखले होते, पण त्या सहाही चौकोनांतली माणसं एकाच चुलीपुढे जेवायला बसत होती. भोंग्याचा एक गुण होता, तो मला तेव्हा उमगला नाही: भोंग्यावरून एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगता येत नसे. सगळं गाव एकदमच ऐकायचं.

पाचव्या दिवशी त्याच शेतावर सकाळी टोळी कोट घालून पोचली तेव्हा मालक बांधावर उभा होता. त्याने फोन काढून मावशीसमोर धरला. पहिला व्हिडिओ. मावशीचा काट्याकडे बघणारा चेहरा, आणि अक्षरं: दिवसाला किलो वाढतात.

“मावशी, हे तुमीच ना?”

“हाव. मीच.”

“किलो वाढले ना? तुमच्याच तोंडानं सांगतलं. मंग भाव कमी करा. कोट घालणाराईनं किलोमागं रुपया कमी. तुमाले तेवढेच भेटतीन, माह्याई कापूस लवकर निंगते.”

हंगामाच्या सुरुवातीला गावाचा भाव एकदा ठरतो आणि मध्येच मोडत नाहीत, अशी रीत. मावशीने तसं सांगितलं. मालक म्हणाला, रीत झोळीची होती, कोटाची नाही. मावशीने कोट काढला आणि झोळी बांधली. संध्याकाळी तिच्या नातवाच्या फोनवर दुसराही व्हिडिओ आला. वजन वाढवायला पत्ती. खाली तिची झोळी, तिची पानं, आणि माझा आवाज.

ही गोष्ट टोळीटोळीत पसरली, आणि पुढच्या आठ दिवसांत आजूबाजूच्या एकाही टोळीने कोट अंगाला लावला नाही. ज्या मालकांनी कोट घेतले होते त्यांनी परत आणले: बाया घालत नाहीत, आमी घालून फिरू का? कृषी केंद्रांनी दारातले कोट उतरवले. गठ्ठे जीपमधून आले तसे दुकानात चढले. मी दुकानात गेलो. मला शिव्या हव्या होत्या, तिथे चहा मिळाला.

मी मावशीकडे गेलो. ती ओसरीवर डाळ निवडत होती.

“मावशी, वाक्य माझं होतं, तुमच्याबद्दल नव्हतं.”

“झोळी कोनाची होती?”

“तुमची.”

“मंग?” ती म्हणाली, आणि डाळीतला खडा बाहेर फेकला. माझ्या पायाजवळ पडला. मुद्दाम की कसं, विचारायची हिंमत झाली नाही.

आणि मग, मंडळी, पाचवा व्हिडिओ कामाला आला. ओरबाडलेल्या हातांचा. अमरावतीच्या एका महिला संस्थेच्या अध्यक्षबाईंचा आपाला फोन आला. त्यांना सगळे कोट हवे होते. सगळे. कष्टकरी भगिनींना वाटप करायचं होतं, सभागृहात कार्यक्रम, पहिला गठ्ठा त्या दिवशी, उरलेले नंतर. फक्त एक विनंती: व्हिडिओतल्या त्या हातांच्या ताई मंचावर हव्यात. त्या दोन शब्द बोलल्या तर फारच छान.

आपाने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “भाऊ, तुमी नका जाऊ. मी जातो.”

ती गेली. दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आपाने एवढंच सांगितलं की मावशी म्हणाली, “तुह्यासाठी येतो. त्या भोंग्यासाठी नाई.”

अमरावतीचं सभागृह थंड होतं. पहिल्या रांगेत सुती साड्या, हातमागाच्या. मावशीने तिचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती मंचावरच्या खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती, एसटीत जागा तात्पुरती मिळाल्यासारखी. आपा तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी, बुरख्याची कड बोटाला गुंडाळत. दिवे मंद झाले. पडद्यावर मावशीचे हात आले. मी ते संथ केले होते, खाली बासरी लावली होती. मोबाईलवर ते तळहाताएवढे दिसायचे, इथे भिंतीएवढे. कोणीतरी नाक ओढलं. मग दुसऱ्या कोणीतरी. मला, खोटं का सांगू, अजूनही क्षणभर अभिमान वाटला. सगळी रांग माझ्या कापाकापीवर रडत होती.

मावशी स्वतःच्या हातांकडे मान वर करून बघत होती. मांडीवरचे खरे हात तिने पदराखाली घेतले.

दिवे लागले. अध्यक्षबाईंनी तिच्या खांद्यांवर कोट पांघरला, फोटोवाला पुढे आला, आणि बाईंनी माईक तिच्या तोंडाशी धरला. “बोला ताई. कसं वाटतंय? आता तुमचे कष्ट कमी होणार.”

आपाने माझं मनगट धरलं. त्या पकडीचा अर्थ मला कळत होता: नुसतं ‘बरं वाटते’ म्हणू दे, अल्ला, दोन शब्द, बरं वाटते. छतापर्यंतचे गठ्ठे त्या दोन शब्दांवर उभे होते.

नंतरचं आधीच सांगून टाकतो, कारण मला ते शेवटी सांगायचं नाही. पहिला गठ्ठा संस्थेने ठेवून घेतला. उरलेल्यांबद्दल ‘सविस्तर विचार करून कळवू’ असं ठरलं, आणि संक्रांत झाली तरी कोणी कळवलं नाही. शाळेचे गणवेश तोवर दुसऱ्या टेलरने धरले होते. चारातल्या तीन मशिनींवर चादर पडली. राहिलेल्या एकीवर आपा स्वतः बसते आणि मांजरपाटाचे कोट उसवून उशांचे अभ्रे शिवते. अभ्र्यांसाठी व्हिडिओ काढू का असं मी विचारलं नाही. आपाने ती कोणाचीही चूक आहे असं कधी म्हटलं नाही, मावशीची तर नाहीच. मावशीला ती अजून भेटते. मला भेटल्यावर ती चहा देते.

तर मंचावर. मावशीने माईककडे बघितलं, मग तिसऱ्या रांगेत, आपाकडे. मला वाटतं तिला ते दोन शब्द म्हणायचे होते. ओठ तसे हललेही. मग तिने खांद्यांवरचा कोट काढला, नीट घडी घातली, अध्यक्षबाईंच्या हातात दिला, आणि तिच्या तोंडून माईकमध्ये, सगळ्या सभागृहात, निघून गेलं:

“तुमीच घाला, बाई. आमी घातला का मालक किलोमागं रुपया कापते.”